बँक कापते तो ‘वटाव’ की ‘आगाऊ व्याज’?

सयाजीगंजकर: मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या पुरवठादारासाठी बँकेचं मंजुरीपत्र मराठीत करतोय. बिल डिस्काउंटिंगमध्ये बँक जे कापते त्याला ‘वटाव’ लिहिलं. त्यांचे मुनीम म्हणतात, वटाव म्हणजे रोखीत पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण सोडतो ती रक्कम. बँक कुठे काही सोडतेय? ‘आगाऊ व्याज’ लिहू का?

जुनी_खतावणी: अजिबात नको. हिशेबच वेगळा आहे. समजा 5 लाखांची 90 दिवस मुदतीची हुंडी खरेदीदाराने 1 जूनला स्वीकारली आणि त्याच दिवशी बँकेने ती 12 टक्क्यांनी वटवली. वरचे 3 ग्रेसचे दिवस धरून ती 2 सप्टेंबरला पिकते, म्हणून बँक 93 दिवसांचे 15,288 रुपये पूर्ण 5 लाखांवर कापते. मुनीम 90च दिवस धरतात आणि 493 रुपये जास्त कापले म्हणून भांडायला जातात.

रावपुरा_कट्टा: दर 12 तर 12. आधी कापा नाहीतर नंतर घ्या, व्याजच ते. जीएसटीतही डिस्काउंट आणि व्याज दोन्ही माफ आहेत.

जुनी_खतावणी: माफीचं बरोबर. प्रोसेसिंग चार्जवर मात्र 18 टक्के लागतो, तो वेगळा बघावा. पण हातात येतात 4,84,712, आणि कापलेत 5 लाखांवर. मिळालेल्या रकमेवर दर काढला तर 12.38 पडतो. ‘व्याज’ लिहिलंत की वाचणारा 12च धरणार.

अलकापुरी: 45 दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे ना? मग हुंडी कशाला वटवायची?

जुनी_खतावणी: कायदा आहे, उशिराचं व्याजही मागता येतं. पण पुढची ऑर्डर त्याच खरेदीदाराकडून हवी असते, म्हणून मागतो कोण! मंजुरीपत्रात बघायचं ते दुसरंच. 2 सप्टेंबरला खरेदीदाराने पैसे दिले नाहीत, तर साध्या बिल डिस्काउंटिंगमध्ये बँक पूर्ण 5 लाख पुरवठादाराच्याच खात्याला नावे टाकते. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर त्या दिवसापासून चढ्या दराने आकारणी सुरू. ते मात्र खरं व्याज. म्हणून एकाच पत्रात दोन्ही शब्द लागतील.

रावपुरा_कट्टा: ट्रेड्स या बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर असं होत नाही. तिथे खरेदीदार बुडाला तरी विक्रेत्याकडे वसुली नाही.

जुनी_खतावणी: हो, पण खरेदीदार तिथे नोंदलेला हवा आणि त्याने बिल मान्य केलेलं हवं.

पेठेतला: ‘कसर’ लिहा की! सराफीतला अस्सल शब्द.

सयाजीगंजकर: कसर म्हटलं की मुनीम खोट शोधत बसतील. ‘बँकेचा वटाव’ चालेल?

पेठेतला: वटाव तर गुजरातीतही आहे. आपला काय राहिला?

अलकापुरी: वडोदऱ्यात राहून हे कोण विचारतंय!