आबाजीच्या फोटोत दात कुठून आणाचे?

मंगलाकाकू: आकाश, पंच्याहत्तरीच्या बॅनरवरचा फोटो पाहिला. आबाजीचे ओठ असे ताणल्यावानी काऊन दिसून रायले?

आकाश: काकू, मूळ फोटोत तोंड मिटलेलं आहे. नानाजीचा हसरा फोटो पाहून ओठाचे कोपरे वर ओढले, खालचा ओठ खाली. पण मधात दात येतच नाही, ओठच रुंद होते.

प्रशांतदादा (स्टुडिओ): येणारच नाही ना बाप्पा! ओढलं की पिक्सेल सरकते, नवीन तयार होत नाही. पहिले दोन ओठांच्या मधच्या रेषेवर फोटो काप. वरचा ओठ एका लेयरवर, खालचा ओठ अन् हनुवटी दुसऱ्यावर. मग सरकव. मधात जे भोक पडते, त्याच्या खालच्या लेयरवर दात ठेवाचे.

आकाश: तेही केलं दादा. नानाजीचे दात टाकले, पण आबाजी वाटूनच नाही रायले.

मंगलाकाकू: कसे वाटतीन? आबाजीच्या समोरच्या दोन दातांत फट आहे ना!

प्रशांतदादा: काकूचं बरोबर. नानाजीच्या फोटोतून ओठ किती उघडते तेवढंच घे. दात आबाजीचेच पायजे.

नंदाआत्या: संध्याच्या लग्नाच्या अल्बममंदी आबाजी खदखदा हसून रायले. समोरूनच काढला आहे.

प्रशांतदादा: बेस! ६०० डीपीआयवर स्कॅन कर. आता नीट वाच. वरचे दात कवटीले पक्के असते, तोंड उघडल्यानं हलत नाही. हसल्यावर वरचा ओठ त्यायच्यावरून वर सरकते. म्हणून माप तोंडाच्या रुंदीवरून घेऊ नको, हसल्यावर ते बदलते. दोन डोळ्यांतलं अंतर दोन्ही फोटोत जुळव. मग अल्बमच्या फोटोत दात नाकाच्या जितके खाली आहे, तितकेच इथं ठेव. खालचे दात जबड्यासंगं खाली जाते. आबाजीचे तसेही दिसत नाही, तिथं अंधारच राहू दे.

आकाश: कडा हीलिंग ब्रशनं मिसळू का?

प्रशांतदादा: अजिबात नको. त्यानं ओठाचा लाल रंग दातांत उतरते, खर्रा खाल्ल्यावानी दिसते 😄 कडा एक-दोन पिक्सेल मऊ कर, रंग कर्व्ह्जनं जुळव. दात डोळ्याच्या पांढऱ्या भागापेक्षा उजळ दिसले की समज, गडबड आहे. वरच्या ओठाखाली बारीक सावली टाक अन् कोपऱ्यातले दात काळोखात जाऊ दे. हे राहून गेलं तर दात चिकटवल्यावानी दिसते.

आकाश: 📷 हे पहा. फट आली! पण डोळे हसून नाही रायले.

प्रशांतदादा: दात मस्त बसले. आता गाल थोडे वर घे, खालची पापणी किंचित उचल. अन् नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी नुसती सरकवून होत नाही. तिथली सावली अल्बमच्या फोटोत पाहून हातानं गडद कर.

नंदाआत्या: आबाजीले दाखवला. म्हणते, बत्तीशी दाखवाले मी काय निवडणुकीले उभा हावो?

प्रशांतदादा: 😂 आकाश, मिटल्या तोंडाची फाईल पुसू नको मग.