ओव्हाप्रिम आल्यावर मादी पारखायला शिकायचं कशाला?

चिक्कोडीचा विद्यार्थी (फिशरीज डिप्लोमा):
माझं मत स्पष्ट आहे. ओव्हाप्रिम हे माशांना अंडी सोडायला लावणारं औषध. रोहूच्या मादीला किलोला ०.४ मिली, नराला ०.२ मिली, एकच इंजेक्शन, काम झालं. माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क सहा तासांच्या अंतरानं दोनदा टोचायचे दिवस गेले. तरी आमचं अर्धं प्रात्यक्षिक माशांची पोटं चाचपण्यात जातं. तो वेळ हॅचरीच्या टाक्यांना द्यावा. तुम्हाला काय वाटतं?

हिडकलकडचा हॅचरीवाला:
अजिबात पटलं नाही. इंजेक्शन अंडं तयार करत नाही. अंड्यात बलक महिनोन्महिने साठतो, तो पुरेसा झाला की अंडं तिथंच थांबतं, कारण नदीच्या पुराची खूण टाकीत मिळत नाही. ओव्हाप्रिम माशाच्याच पीयूषिकेला पुढचा इशारा द्यायला लावतं. अर्क टोचला तर तोच इशारा बाहेरून मिळतो. दोन्हीत अंडं आधी तयार हवं.

एका हंगामातलं सांगतो. रोहूचे दोन गट, एकाच बाटलीतलं औषध, तेच प्रमाण, पाणी २७ अंशांवर. दोन किलोच्या मादीला ०.८ मिली, सोबत किलो-किलोचे दोन नर, त्यांना ०.२ मिली प्रत्येकी. पहिल्या गटातल्या माद्या उताण्या धरल्या की पोट दोन्ही बाजूंना पसरायचं, मऊपणा पार गुदद्वारापर्यंत, द्वार फुगलेलं, गुलाबी. दुसऱ्या गटातल्या माद्या फुगीर होत्या, पण फुगवटा पुढं, छातीच्या परांजवळ, आणि दाबला तर घट्ट. ती चरबी आणि खाणं होतं. पहिल्या गटाची २०० अंडी मोजली तर १७० फळलेली, दुसऱ्याची २०० मध्ये ६०. टाकी दोन्हींना सारखीच होती.

खानापूरकर:
आमच्याकडं पाऊस लागला की पाणी २४ अंशांखाली येतं, मासे अंडी सोडत नाहीत. मग थोडा डोस वाढवला की काम होतं. कटल्याला तर रोहूपेक्षा जास्त लागतोच.

हिडकलकडचा हॅचरीवाला:
कटल्याचं बरोबर, त्याला ०.५ मिलीपर्यंत जावं लागतं. थंड पाण्याचं नाही, भाऊ. गारव्यात सगळंच लांबतं, ती वाट बघायची गोष्ट आहे. कच्च्या मादीला डोस वाढवला तर थोडी अंडी पडतात, बाकीची आत अडकतात आणि मादी दगावते.

अथणीचे शेतकरी काका:
माझ्या कृषी होंड्यात कटले आहेत. दर पावसाळ्यात माद्या पोटुशा दिसतात, पण एक पिल्लू नाही. ओव्हाप्रिम तळ्यात ओतलं तर चालेल का?

मत्स्यबीज केंद्रात काम करणारी ताई:
नाही काका, ते प्रत्येक माशाला टोचावं लागतं. साचलेल्या पाण्यात कटला अंडी भरतो, सोडत मात्र नाही, नंतर ती अंगातच जिरतात. तुम्ही बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, विकत आणून सोडा, तेच परवडेल.

मूळ मुद्द्यावर मी अर्धी या विद्यार्थ्याच्या बाजूनं आहे. हाताचा अंदाज नवशिक्याला फसवतो. बारीक नळीनं थोडी अंडी काढा आणि सहा भाग अल्कोहोल, तीन भाग फॉर्मालिन, एक भाग ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात टाका. काही मिनिटांत अंडं पारदर्शक होतं आणि आतलं केंद्रक दिसतं. ते कडेला सरकलेलं असेल तर मादी घ्या, मध्यभागी असेल तर परत सोडा. हे डोळ्यांनी दिसतं, वाद राहत नाही.

दुसरं, फळलेली अंडी लगेच मोजू नका. न फळलेलं अंडंही पाणी पिऊन फुगतं, काही वेळ स्वच्छच दिसतं. चार-पाच तासांनी ते पांढरं, अपारदर्शक होतं, तेव्हाचा आकडा खरा.

चिक्कोडीचा विद्यार्थी:
नळीचं पटलं, ताई. पण आमच्याकडं अंडी चांगली फळली होती, तरी जिरं, म्हणजे अंड्यातून निघालेली बारीक पिल्लं, निम्मंच मिळालं. तो दोष टाकीचाच ना?

मत्स्यबीज केंद्रात काम करणारी ताई:
हो, बहुधा प्रवाहाचा. गोल टाकीत पाणी तळाच्या तिरक्या तोंडांतून येऊन फिरतं. कमी पडलं तर अंडी तळाला बसून गुदमरतात, जास्त झालं तर कवच फाटून अर्धवट पिल्लं बाहेर पडतात. २७-२८ अंशांना १४ ते १८ तासांत पिल्लं निघतात. मग टाकून दिलेली कवचं आतल्या जाळीवर चिकटतात, पाणी तुंबून वर चढतं. जाळी सतत हलक्या हातानं पुसावी लागते. आणि जिरं तिसऱ्या दिवशीच काढा, बलकाची पिशवी संपल्यावर.

हिडकलकडचा हॅचरीवाला:
पिल्लं निघाली की प्रवाह लगेच कमी करावा, असं माझं म्हणणं.

मत्स्यबीज केंद्रात काम करणारी ताई:
मी नाही करत. कवचं विरघळून जाईपर्यंत तोच प्रवाह ठेवते, नाहीतर ती पिल्लांवर बसतात. तुमच्या टाकीचा व्यास किती, ते आधी सांगा.