रात्री घड्याळ बघण्याची सवय आणि उजळणारा गजराचा दिवा : तुमचे अनुभव

निशाचर : काल कपाट आवरताना जुना उजळत जाणारा गजराचा दिवा हाती आला आणि त्या काळातल्या रात्री आठवल्या. गजर साडेसहाचा असे आणि दिवा सहापासून हळूहळू उजळे, त्यामुळे सकाळी उठणे खरोखरच सुसह्य झाले होते. मात्र त्याचे चमकणारे आकडे उशीपासून हातभर अंतरावर होते. पावणेतीनला जाग आली की 'अजून पावणेचार तास' अशी वजाबाकी होई, सव्वातीनला 'सव्वातीनच उरले' आणि मग छातीत धडधड सुरू होई. तुमच्याकडे घड्याळ कुठे असते?

उशीखाली मोबाईल : आकडे लाल असतील तर काही बिघडत नाही, कारण झोप निळा प्रकाश उडवतो. माझे लालच आहेत. झोप मात्र अजून आलेली नाही, ही गोष्ट वेगळी.

अर्धी रात्र : लाल प्रकाशाचा त्रास कमी होतो हे खरे, पण इथे दोष वेळ कळण्याचा आहे. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना झोप येईपर्यंत घड्याळ बघायला सांगितले होते आणि काहींना तसेच दिसणारे, पण वेळ न दाखवणारे आकडे. घड्याळ बघणाऱ्यांची काळजी वाढली आणि त्यांना झोपही उशिरा लागली. त्यामुळे दिव्याचे आकडे पूर्ण बंद करावेत. ती सोय नसेल, तर त्यांवर जाड चिकटपट्टी लावावी. दिवा पाठमोरा करू नये, नाहीतर पहाटेचा उजेड भिंतीवर जाईल. बराच वेळ जागे आहोत असे वाटले, तर अंदाजानेच उठून बसावे. 'वीस मिनिटे झाली का' हे घड्याळात पाहिले, की सगळे मुसळ केरात.

टिकटिक : माझ्याकडे आकडे नाहीत, काटे आहेत, आणि त्यांचा आवाजच असह्य होतो. सेल काढून ठेवला, तर सकाळी घड्याळ रात्रीचे साडेदहा दाखवते!

निशाचर : टिकटिक, निदान तुमची वजाबाकी तरी टळली! मी शेवटी दिवा तिथेच ठेवून आकड्यांवर पुठ्ठा चिकटवला. पहिल्या तीन रात्री हात पुठ्ठ्याकडे जाई. एकदा तर तो उचकटून पाहिलाच. पुढे मात्र जाग येऊनही पुन्हा डोळा लागू लागला.

पहाटपक्षी : मला चारलाच जाग येते आणि नंतर झोप लागत नाही. असा दिवा घ्यावा का?

अर्धी रात्र : तुमच्यासाठी मी सावध राहीन. पहाटेचा उजेड शरीराचे घड्याळ पुढे ओढतो, म्हणजे जाग आणखी लवकर येऊ शकते. उशिरा झोप लागणाऱ्यांना हा दिवा जास्त मानवतो.

पहाटपक्षी : मग चार वाजले हे मला कळते कसे, हाच प्रश्न आहे. आज मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवते.

उशीखाली मोबाईल : आणि गजर?