अनुभव धागा: बाबांचं घड्याळ काय म्हणतं?

निवृत्त आईबाबांच्या मनगटावर स्मार्टवॉच बांधलंय आणि आता आकडे समजावत बसलाय? इथे लिहा. सुरुवात मी करते.

लश्करची लेक
बाबा ग्वाल्हेरला, मी पुण्यात. जानेवारीत सकाळी सहाला फोटो आला: रात्रीचा ऑक्सिजन ८४. खाली एवढंच, "आईला बोललो नाही." म्हणजे घाबरले होते. मी लिहिलं:

"बाबा, दम लागतोय का? छातीत दुखतंय का? तसं असेल तर पुढचं वाचू नका, आईला उठवा आणि लगेच दवाखान्यात जा. नसेल तर चहा ठेवा. घड्याळ मनगटावर उजेड टाकतं आणि परत किती आला त्यावरून अंदाज बांधतं. तुम्ही हात उशीखाली दाबून झोपता, त्यात आपल्याकडची थंडी आणि सैल पट्टा. असं असलं की अंदाज चुकू शकतो. आलेखात ८४ एकदाच आहे, आजूबाजूला ९५-९६. कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर कपाटात असेल. हात शेकून, पाच मिनिटं स्वस्थ बसून बोटाला लावा. आकडा स्थिरावला की कळवा."

९७ आला. सोबत चहाचा फोटो.

कमाटीबागवाली
आमच्या बडोद्यात उलटंच. सासरे रोज बागेत दोन फेऱ्या मारतात, पण हात पाठीमागे बांधून! हात हललाच नाही तर घड्याळ पावलं कुठून मोजणार? "हे मला आळशी म्हणतंय" म्हणून दोन दिवस रुसले होते.

जुना मोबाईलवाला
घड्याळाचा ऑक्सिजन म्हणजे निव्वळ गंमत. बोटाला ९७ आला ना, विषय संपला.

रात्रपाळी, इंदूर
संपला नाही. मी झोपेच्या तपासण्या करतो. थंडीचं, पट्ट्याचं ताईंनी बरोबर सांगितलं, एका आकड्यावर जीव टांगू नये. पण ९७ हा जागेपणीचा. झोपेत श्वास अडकत असेल तर ऑक्सिजन थोडा वेळ उतरतो आणि परत चढतो, सकाळी बोटाला काहीच दिसत नाही. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, नीट बसेल असा बांधा आणि आठवडाभर आलेख बघा. रोज रात्री पुन्हापुन्हा खड्डे दिसले तर डॉक्टरांना दाखवा. आणि आलेख चांगला आला तरी घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर घड्याळावर विसंबू नका, तेव्हाही दाखवा. बाबा घोरतात का?

लश्करची लेक
आईला विचारलं. म्हणाली, "मला काय माहीत, मी बारा वर्षं कानात कापूस घालून झोपते."
पट्टा घट्ट करून चार रात्री झाल्या. तीन सरळ, एकीत दोनदा ८९. बाबांना म्हटलं, या महिन्यात बीपी दाखवायला जाल तेव्हा हा आलेख आणि आईचा कापूस, दोन्ही डॉक्टरांना सांगा.