डबिंगच्या प्रत्येक भाषेला वेगळं शीर्षक: गरज की हौस?

वांगीभरीत: YouTube वरच्या व्हिडिओला हिंदी-इंग्रजी डबिंग जोडलं की काम संपलं. प्रत्येक भाषेत शीर्षक आणि वर्णन लिहीत बसणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. ज्याला बघायचंय तो थंबनेल बघून येतोच.

भाजणीताई: रिकामटेकडी मी, म्हणून उत्तर देते. माझ्या थालीपिठाच्या व्हिडिओला पैसे देऊन हिंदी आवाज करून घेतला आणि शीर्षक तसंच ठेवलं: ‘आजीच्या प्रमाणात खमंग भाजणीचं थालीपीठ’. हिंदी ट्रॅकवर दोन महिने शुकशुकाट. मग इंदूरच्या जावेला दाखवलं. ती म्हणाली, भाजणी म्हणजे काय ते माहीत नाही, आणि आजी कसलं प्रमाण देतेय? हिंदीत प्रमाण म्हणजे पुरावा! लिपी एकच, म्हणून आपल्याला वाटतं त्यांना कळेल. आता हिंदीत ‘मल्टीग्रेन आटे का कुरकुरा थालीपीठ’ लिहिलंय, इंग्रजी शीर्षकही दिलंय, आणि हिंदी ट्रॅक हलायला लागलाय. शब्दाला शब्द लावायचा नसतो, तिकडचा माणूस शोधताना काय टाइप करेल ते लिहायचं असतं.

कोल्हापुरी_रस्सा: बरोबर. हिंदी आवाज लागला की हिंदी शीर्षक आपोआप दिसतं, त्यामुळे द्यायलाच हवं.

ध्वनिमुद्रक: इथेच सगळे फसतात. शीर्षक आवाजाच्या मागे जात नाही. शीर्षक मुख्यतः बघणाऱ्याच्या भाषेच्या सेटिंगवर ठरतं, ट्रॅक वेगळा निवडला जातो. सांगलीतल्या ज्या माणसाचा फोन इंग्रजीत आहे, त्याला भाजणीताईंचं इंग्रजी शीर्षक दिसेल आणि आत मराठी बोलणं ऐकू येईल. तपासायचं तर इन्कॉग्निटो खिडकी उघडा, मेनूतून भाषा बदला आणि आपलाच व्हिडिओ बघा.

भाजणीताई: अगं बाई! म्हणूनच परवा एक काका लिहून गेले, ‘तुम्हीपण इंग्रजाळलात’. मी चिडून उत्तर दिलं होतं.

पुणेरी_पाटी: काकांचाच दोष. मराठी माणूस फोन मराठीत का ठेवत नाही? स्वतःच्या भाषेची लाज, दुसरं काय.

कोल्हापुरी_रस्सा: लाज कसली? फोन मराठीत केला तर सेटिंगमधले मराठी शब्द वाचून माणूस परत इंग्रजीतच जातो. माझ्या वडिलांचा करून दिला, दोन दिवसांत म्हणाले, ‘परत कर, काही कळत नाही.’

पुणेरी_पाटी: वडिलांना कळत नाही, हे तुमचं संस्कार-खातं.

कोल्हापुरी_रस्सा: वडिलांवर जाऊ नका. तोंड सांभाळा.

ध्वनिमुद्रक: भांडण पुढच्या गल्लीत न्या. फोन इंग्रजीत असणार हे धरूनच चालायचं. माझा उपाय: इंग्रजी शीर्षकात पहिला शब्द देवनागरीत ठेवा. ‘थालीपीठ | Thalipeeth, Maharashtrian Multigrain Flatbread’. शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे, एवढं सहज बसतं. सांगलीकर थांबतो, बाहेरच्यालाही कळतं.

कीर्तन_चॅनेल: आमचं उलट झालंय. आम्ही काही लिहिलंच नाही, तरी आमचं शीर्षक इंग्रजीत फिरतंय. कुणी केलं?

ध्वनिमुद्रक: बहुधा आपोआप केलेलं भाषांतर. Studio मध्ये त्या व्हिडिओच्या Languages मध्ये जाऊन बघा. आणि तपशिलात व्हिडिओची भाषा आणि शीर्षक-वर्णनाची भाषा हे दोन वेगळे रकाने आहेत. दोन्हीत मराठी आहे ना? घाईत हिंदी निवडलं असेल, तर तुमचा अभंग हिंदी समजला जातो आणि पुढचं सगळं चुकतं.

कीर्तन_चॅनेल: दुसऱ्या रकान्यात हिंदीच आहे. मुलाने केलं असणार.

वांगीभरीत: म्हणजे सेटिंग, जाऊबाई, इन्कॉग्निटो, एवढं सगळं एका थालीपिठासाठी. माझे 180 व्हिडिओ आहेत, स्क्रिप्टने टाकेन.

ध्वनिमुद्रक: टाका, पण जपून. `videos.update` मध्ये `localizations` पाठवताना फक्त नवी हिंदी दिली, तर आधीची इंग्रजी पुसली जाते. आधी जुनं वाचून घ्यायचं, त्यात भर घालायची, मग सगळं परत पाठवायचं. माझं एका रात्रीत चाळीस व्हिडिओंचं इंग्रजी गेलं होतं. वर्णनाचंही तसंच सांभाळा. हिंदी वर्णनात दुकानाची लिंक नसेल, तर हिंदी सेटिंगवाल्याला ती दिसत नाही.

भाजणीताई: लिंक! माझी मसाल्याची लिंक फक्त मराठीत आहे. थांबा, आत्ता बघते.

वांगीभरीत: ठीक. जास्त बघितले जाणारे दहा व्हिडिओ करून बघतो. दर ट्रॅकचा आकडा हलला नाही, तर इथेच येऊन शिव्या देईन.

पुणेरी_पाटी: आधी फोन मराठीत करा.