मदत हवी आहे: ओसी नाही आणि बिल्डर म्हणतोय ताबा घ्या

वाकडला फ्लॅट बुक केलाय, बिल्डरचा मेल आलाय की १५ दिवसात उरलेले ५% भरा आणि फिटआउटसाठी चावी घ्या, नाहीतर मेंटेनन्स चालू होणार. ओसी मागितली तर आर्किटेक्टचं कम्प्लिशन सर्टिफिकेट पाठवलं, ते काय महापालिकेचं भोगवटा पत्र नव्हे ना! ॲग्रीमेंटमध्ये शेवटचा हप्ता ओसीनंतरच आहे, आणि रेरा कलम १९(१०) प्रमाणे ताब्याचे दोन महिने ओसीपासूनच मोजतात. म्हणून पत्रात लिहितोय की आमच्या विंगचा, आमच्या मजल्यापर्यंतचा ओसी आणि कम्प्लिशनची प्रत द्या, मग लगेच पैसे भरतो, ताब्याला नकार नाहीये. एवढं पुरेल का? स्पीड पोस्टाने पाठवू की नुसता मेल चालेल?