फरशी बद्द वाजते: काढायची की राहू द्यायची?

निपाणीकर: हॉलमध्ये 2 बाय 2 फुटी व्हिट्रिफाइड फरशी बसवून महिना झाला. नाण्यानं ठोकलं तर दहा-बारा फरश्या बद्द वाजतात. गवंडी म्हणतो, "मालावर बसवली की एवढं चालतंच." काढून घ्यावी का?

जुना गवंडी, खानापूर: चालतंय की. खाली वाळू-सिमेंटचा माल, वर सिमेंटची रबडी. शहाबादी अशीच बसवत आलोय, हललेली नाही. अॅडहेसिव्ह म्हणजे दुकानदाराचा धंदा.

सुपरवायझर, बेळगाव: काका, शहाबादी जाड, पाठीला खडबडीत आणि थोडं पाणी ओढणारी. व्हिट्रिफाइड अर्धा टक्काही पाणी ओढत नाही, म्हणून रबडी तिला धरत नाही, वाळली की सुटते. त्यात माल मध्ये ठोकून बसतो, पण कडेला सैल राहतो. म्हणून कोपरे आधी वाजतात.

अथणीची वहिनी: आमच्या बाथरूमच्या भिंतीची टाइल तर गळूनच पडली. मागं सिमेंटचे पाच गोळे दिसले, बाकी सगळं मोकळं.

सुपरवायझर, बेळगाव: वहिनी, प्रश्न जमिनीचा आहे, पण रोग तोच. गोळ्यांच्या मधे हवाच राहते.

नीट करायचं तर आधी कोबा सपाट आणि वाळलेला हवा. खळगे आदल्या दिवशी भरून घ्या, अॅडहेसिव्हनं लेव्हल काढू नका. फरशीच्या पाठीवरची पांढरी पूड ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर चिकटणारं त्या पुडीलाच चिकटतं. मग 10 मिमी खाचांच्या थापीनं जमिनीवर सरळ, एकाच दिशेच्या रेषा ओढा. गोल फिरवल्या तर हवा आत अडकते. पाठीवरही पातळ हात मारा. फरशी रेषांना आडवी मागे-पुढे सरकवत दाबा, मग रबरी हातोडा.

पहिली फरशी लगेच उचलून बघा. रेषा मोडून कोपऱ्यापर्यंत सगळीकडे माल लागला पाहिजे. उन्हाळ्यात वाऱ्यानं वर साय धरते. बोट लावून हाताला लागलं नाही, तर खरवडून नवीन लावा. असं केल्यावर 20 किलोच्या पिशवीत साधारण 30 ते 40 चौरस फूटच होतं. पिशवी ताणली की पोकळी आलीच.

जुना गवंडी, खानापूर: बरं, व्हिट्रिफाइडला मान्य. पण बद्द वाजली म्हणून सगळी फरशी उखडा, हे पटत नाही. मधे तळहाताएवढं वाजत असेल तर राहू दे. कोपरा वाजला, आणि वर कपाटाचा पाय आला, तर मात्र तुटणार.

चिकोडीचा ठेकेदार: सांध्यातून इपॉक्सी सोडा, उखडायची गरजच नाही.

सुपरवायझर, बेळगाव: आत कुठवर गेलं हे कोण बघणार? सुटलेल्या धुळीवर तेही धरत नाही.

निपाणीकर: खडूनं खुणा केल्या. दारासमोरच्या तिघींचे कोपरेच वाजतात, बाकीच्या मधे. शिल्लक फरश्या चारच आहेत.

जुना गवंडी, खानापूर: मग त्या तीनच काढा. आधी ग्राइंडरनं सांधे कापा आणि मधून फोडत कडेला या, म्हणजे शेजारच्या फरशीचा टवका उडणार नाही.